‘लाइट’ लिहिलेलं बटण दाबा!

तुमच्याकडे नसेल, तर तुमच्या बाबांच्या ड्रॉवरमध्ये नक्की सापडेल. काळा प्लॅस्टिकचा पट्टा, छोटासा चौकोनी डायल, तीन बटणं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू किंवा हुबेहूब तसं दिसणारं कुठलंतरी. गावाकडच्या कुठल्याही मैदानावर पहाटे साडेपाचला जा, भरतीची तयारी करणाऱ्या दर दुसऱ्या मुलाच्या मनगटावर हेच घड्याळ दिसेल. आणि त्यातले बहुतेक जण ते अर्धंच वापरतात. धावायला सुरुवात केली की उजवं बटण, संपलं की पुन्हा उजवं बटण. बस.

माझा मावसभाऊही तेच करत होता. पोलीस भरतीचं त्याचं हे दुसरं वर्ष. मुलांना मैदानी चाचणीत १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. पन्नास गुणांच्या ग्राउंडमधले वीस गुण या एका धावण्याचे असतात, त्यामुळे सगळं घर त्या एका आकड्याभोवती फिरत होतं. दादाने स्वतःसाठी ठरवलेला आकडा होता ५ मिनिटं १० सेकंद. दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडे गेले, तेव्हा तो तीन आठवडे एकाच जागी अडकलेला होता. वहीत ओळीने लिहिलेलं : ५:१९, ५:२१, ५:१८, ५:२०, ५:१९.

“शेवटच्या राउंडला जीवच राहत नाही गं,” तो म्हणाला. “स्टॅमिना कमी पडतोय.” म्हणून त्याने संध्याकाळचं धावणंही वाढवलं होतं. पोटऱ्या दुखत होत्या. आकडा हलत नव्हता.

आता तुम्हीच सांगा, ५:१९ या आकड्यावरून काय कळतं? नऊ सेकंद जास्त लागले, एवढंच. ते नऊ सेकंद मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात सांडले, ते नाही कळत. परीक्षेत नापास झालात आणि विषयवार मार्क न देता फक्त टोटल सांगितली, तर कुठल्या विषयाचा अभ्यास करणार? तसंच आहे हे.

विषयवार मार्क त्या घड्याळातच असतात. फक्त ज्या बटणामागे ते लपलेत, त्यावर ‘लाइट’ असं छापलेलं आहे. त्यामुळे कुणी तिकडे फिरकतच नाही.

घड्याळ हातात घ्या. खालच्या डाव्या बाजूचं मोड बटण दोनदा दाबा. पहिल्यांदा अलार्म येईल, दुसऱ्यांदा स्टॉपवॉच, म्हणजे सगळे शून्य. उजवं बटण दाबलं की वेळ सुरू. इथपर्यंत सगळ्यांना येतं. आता वेळ पळत असतानाच डावीकडचं वरचं, लाइटचं बटण दाबा. दिवा तर लागेलच, पण स्क्रीनवरचे आकडे जागच्या जागी थिजतील. घाबरू नका, घड्याळ थांबलेलं नाही. आत वेळ मोजणं चालूच आहे, फक्त तुम्ही बटण दाबलं त्या क्षणाचा फोटो काढून तुमच्यासमोर धरलाय. तेच बटण पुन्हा दाबलं की फोटो बाजूला होतो आणि आतली पळती वेळ पुन्हा दिसायला लागते. याला म्हणतात स्प्लिट. (पहाटेच्या अंधारात हाच दिवा कामी येतो. आकडा थिजतो आणि उजेडही पडतो, एकाच दाबात.)

इथे एक गोंधळ होतो, तो आधीच सोडवून टाकू. स्प्लिट आणि लॅप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्प्लिट म्हणजे सुरुवातीपासून इथपर्यंतची एकूण वेळ. लॅप म्हणजे फक्त या एका फेरीची वेळ. ४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिली फेरी ८० सेकंदांत आणि दुसरीही ८० सेकंदांत केलीत, तर दुसऱ्या फेरीनंतर स्प्लिट दिसेल २:४०, आणि लॅप दिसेल १:२०. महागड्या रनिंग वॉचमध्ये दोन्ही आकडे एकाखाली एक दिसतात आणि साठवलेही जातात. आपल्या या साध्या घड्याळात फक्त स्प्लिट. गंमत म्हणजे पीटीचे सर गळ्यात अडकवतात त्या काही स्टॉपवॉचवर बटणाला ‘लॅप’ असं नाव असतं आणि दाखवलं मात्र स्प्लिटच जातं. म्हणून नावावर जाऊ नका, घरी बसून तपासा. सुरू करा, भिंतीवरच्या घड्याळात बघून दहा सेकंदांनी दाबा, आकडा वाचा, पुन्हा दाबून मोकळा करा, आणि सुरुवातीपासून वीस सेकंद झाले की परत दाबा. वीस दिसले तर स्प्लिट. दहा दिसले तर लॅप.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं मैदानावर. तालुक्याच्या त्या मैदानावर फक्कीने आखलेला ४०० मीटरचा ट्रॅक आहे, म्हणजे १६०० ला बरोब्बर चार फेऱ्या. दादाला मी सांगितलं, प्रत्येक वेळी सुरुवातीची रेषा ओलांडली की डावं बटण दाब आणि दिसेल तो आकडा ओरडून सांग. मी रेषेपाशी वही घेऊन बसले. हे करावंच लागतं, कारण या घड्याळाला आठवण नाही. पुढचा स्प्लिट घेतला की मागचा गेला. आणि धाप लागलेल्या माणसाला चार आकडे लक्षात ठेवता येत नाहीत, मी स्वतः धावून खात्री केली आहे. सोबत कुणी नसेल, तर चारही फेऱ्यांचा हट्ट सोडा. फक्त ८०० चा एक स्प्लिट घ्या आणि तेवढाच डोक्यात धरा. अर्ध्या अंतराचा एक आकडा आणि शेवटचा आकडा, यातूनही पुष्कळ कळतं.

दादाने ओरडलेले आकडे वहीत असे आले : १:१०, २:२९, ३:५५ आणि शेवटी ५:१९.

आता वजाबाकी. पहिली फेरी ७० सेकंद. २:२९ मधून १:१० गेले, उरले ७९. ३:५५ मधून २:२९ गेले, ८६. आणि शेवटची ८४. कॅल्क्युलेटर काढून ३.५५ उणे २.२९ करू नका, मिनिटाला शंभर नाही तर साठ सेकंद असतात. आधी सगळ्याचे सेकंद करा (३:५५ म्हणजे २३५, २:२९ म्हणजे १४९) आणि मग वजा करा. माझ्याकडून पहिल्याच दिवशी ही चूक झाली आणि दादाने मला मास कम्युनिकेशनवरून दिवसभर चिडवलं.

७०, ७९, ८६, ८४. दादा बराच वेळ वहीकडे बघत बसला. त्याचा समज होता की तो शेवटच्या फेरीत मरतो. प्रत्यक्षात शेवटची फेरी तिसरीपेक्षा दोन सेकंद वेगात होती. ५:१० म्हणजे ३१० सेकंद, चार फेऱ्यांत सारखे वाटले तर प्रत्येकी साडेसत्याहत्तर. पहिली फेरी तो त्यापेक्षा साडेसात सेकंद वेगात सुटत होता, आणि त्याचं भाडं पुढच्या तीन फेऱ्यांत भरत होता.

दुसरी एक गोष्ट मला जास्त भारी वाटली. ८०० मीटरवर त्याचा स्प्लिट होता २:२९. ठरलेल्या वेगाने तो २:३५ हवा. म्हणजे त्या क्षणी मनगटाकडे बघितलं, तर घड्याळ सांगणार, ‘सहा सेकंद पुढे आहेस, मस्त चाललंय.’ पण त्याच दुसऱ्या फेरीचा लॅप ७९, म्हणजे तो तेव्हाच ठरलेल्या वेगापेक्षा हळू पडायला लागला होता. पहिल्या फेरीची शिल्लक ही घसरण झाकून टाकत होती. तुम्ही कुठे आहात हे स्प्लिट सांगतो, आत्ता काय चाललंय हे लॅप सांगतो. साध्या घड्याळात दुसरी गोष्ट वजाबाकी केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून घरी आल्यावर वही उघडायची.

मैदानावर मात्र स्प्लिटच सोयीचा. धावताना कोण वजाबाकी करणार? त्यासाठी दादाने डाव्या तळहाताच्या मागे बॉलपेनने चार आकडे लिहायला सुरुवात केली : १:१७, २:३५, ३:५२, ५:१०. रेषेवर आलं, बटण दाबलं, घड्याळातला आकडा आणि हातावरचा आकडा, एक नजर. गणित आदल्या रात्रीच झालेलं.

हे वाचायला सोपं आहे. करताना काय काय होतं, ते ऐका.

पहिली अडचण ही की बटण दर फेरीला दोनदा दाबावं लागतं. एकदा आकडा थिजवायला, एकदा मोकळा करायला. दादा मोकळा करायचं विसरायचा. मग ८०० च्या रेषेवर तो बटण दाबायचा, आणि नवा आकडा थिजण्याऐवजी जुना फोटो बाजूला होऊन वेळ पळायला लागायची. ‘अरे, हे थांबेना!’ मग तो आणखी एकदा दाबायचा, तोपर्यंत रेषा मागे पडलेली. यावर आम्ही उपाय काढला तो असा. रेषेच्या बरोबर समोरच्या बाजूला, २०० मीटरवर, गोलपोस्ट आहे. गोलपोस्ट आला की बटण मोकळं करायचं. रेषेवर थिजवायचं, गोलपोस्टपाशी सोडायचं. तीन-चार दिवसांत हाताला सवय झाली.

दुसरा घोळ जास्त मजेदार. एका सकाळी मी उठलेच नाही आणि दादा एकटा गेला. परत आला तो ओरडतच, “चार छत्तीस! चार छत्तीस आलं!” मावशीने लगेच देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी त्याने आकडे फोनवर रेकॉर्ड केले होते, शॉर्ट्सच्या खिशात फोन ठेवून. ऐकले : १:१५, १:५५, ३:१४, ४:३६. मी वजाबाकी केली. ७५, ४०, ७९, ८२.

चाळीस सेकंदांत ४०० मीटर? ४०० मीटरचा जागतिक विक्रम ४३.०३ सेकंदांचा आहे, दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्कने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये केलेला. आमचा दादा त्याच्याही तीन सेकंद पुढे, आणि तेही चप्पल तुटल्यामुळे मित्राचे बूट घालून.

झालं होतं असं की पहिल्या फेरीला त्याने डाव्याऐवजी उजवं बटण दाबलं. आकडा तसाच थांबला, त्यामुळे संशय आला नाही. पण हा फोटो नव्हता, घड्याळ खरंच बंद पडलं होतं. गोलपोस्टपाशी त्याने पुन्हा तेच बटण दाबलं आणि ते सुरू झालं. मधले सुमारे अडतीस सेकंद गायब. खरी वेळ साधारण ५:१४ निघते. दिसायला थांबलेला आकडा आणि थिजलेला आकडा सारखाच असतो, ओळखायची खूण ही : मोकळा केल्यावर आकड्याने पुढे उडी मारली पाहिजे. तो थांबला होता तिथूनच शांतपणे पुढे सरकायला लागला, तर तुम्ही चुकीचं बटण दाबलंय. साखर परत डब्यात गेली.

तिसरी चूक शेवटच्या रेषेवर होते, आणि ती सगळ्यात जास्त चरफडवते. तिसऱ्या फेरीचा आकडा थिजलेलाच आहे, तुम्ही जीव तोडून धावत येता आणि उजवं बटण दाबता. स्क्रीनवर काहीच बदलत नाही, अजून ३:५५ च. आतलं घड्याळ बरोबर थांबलेलं असतं, पण समोर जुना फोटो आहे. अशा वेळी डावं बटण एकदाच दाबायचं, शेवटची वेळ समोर येते. गडबडीत दोनदा दाबलंत तर सगळे शून्य. थांबलेल्या घड्याळावर हेच डावं बटण पाटी पुसायचं काम करतं. म्हणून रेषा ओलांडल्यावर उजवं दाबा आणि आधी श्वास घ्या. घड्याळ कुठे पळून जात नाही.

यातच एक छुपी सोय आहे. दोन मित्र धावताहेत आणि वेळ घेणारा एकच आहे, तर उजव्या बटणाने दोघांची वेळ एकदम सुरू करायची. पहिला आला की डावं बटण, आकडा थिजला. दुसरा आला की उजवं, आतलं घड्याळ थांबलं. पहिल्याची वेळ लिहून घ्यायची, मग डावं दाबायचं, दुसऱ्याची वेळ समोर. मी आणि दादाने नाही, पण त्याच्या ग्रुपमधल्या दोघांनी हे रोज वापरायला सुरुवात केली. एक घड्याळ, दोन रिझल्ट.

घड्याळ शंभराव्या भागापर्यंत सेकंद दाखवतं, त्या शेवटच्या दोन आकड्यांवरून भांडू नका. शिट्टी ऐकू येऊन बोट हलेपर्यंतच एका सेकंदाचा पाचवा-सहावा भाग जातो. अॅथलेटिक्सच्या अधिकृत नियमांतही ट्रॅकवर हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशात वाढवून लिहितात. १०.११ आली तर १०.२. आपण तर धावता धावता स्वतःच बटण दाबतोय. पूर्ण सेकंद लिहा, पुरे. त्यापेक्षा बटण कुठे दाबताय ते सांभाळा. कधी रेषेच्या दोन पावलं आधी, कधी चार पावलं नंतर दाबलं, तर एक फेरी ७६ आणि पुढची ७९ दिसेल आणि तुम्ही उगाच वेग वाढवायला जाल.

अजून एक. घड्याळ वेळ मोजतं, अंतर नाही. ४०० मीटर हे फक्त सगळ्यात आतल्या लेनचं माप आहे. प्रमाणित ट्रॅकवर दुसऱ्या लेनमधून फेरी मारलीत, तर सुमारे सात मीटर जास्त धावलात. दादाच्या वेगाला सात मीटर म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडं जास्त, आणि चार फेऱ्यांना पाचेक सेकंद. मॉर्निंग वॉकवाले काका आतली लेन अडवून गप्पा मारत चालले असतील, तर त्या दिवसाच्या आकड्यापुढे वहीत ‘काका’ असं लिहायचं. आमच्या वहीत चार ठिकाणी आहे.

हातावर आकडे लिहिल्याने पहिली फेरी लगेच सुधारली, असं समजू नका. पहिल्या दिवशी दादाने ‘हळू’ धावायचं ठरवलं आणि तरी ७४ आले. सुरुवातीला पाय ताजे असतात, बाकीचे पुढे निघून जातात, आणि ७४ चा वेग ८० सारखा वाटतो. त्या दिवशीचे आकडे : ७४, ७८, ७९, ८१. एकूण ५:१२. एक थेंब स्टॅमिना न वाढवता सात सेकंद कमी. संध्याकाळचं जादा धावणं त्याने त्याच दिवशी बंद केलं. पोटऱ्यांनी आभार मानले असतील.

पुढे आम्ही २०० मीटरवरही नजर टाकायला लागलो. गोलपोस्टपाशी बटण मोकळं केलं की पळती वेळ दिसतेच, ती ३८-३९ च्या आसपास हवी. ३५ दिसली की पहिल्या फेरीच्या मध्येच कळतं की आपण उधळलोय, ४०० पर्यंत थांबावं लागत नाही. वेगळं बटण नको, काही नको.

मुलींसाठी तर हे अजून आटोपशीर आहे, ८०० म्हणजे दोनच फेऱ्या, एकच स्प्लिट. मीही एकदा धावले. पहिली फेरी ९२, दुसरी १२१. यावर मला जास्त लिहायचं नाही.

भरतीच्या दिवशी हे घड्याळ मनगटावर असेलच असं धरून चालू नका. अनेक ठिकाणी उमेदवाराला चिप देतात आणि वेळ यंत्रच मोजतं. शिवाय गर्दीत, धक्काबुक्कीत बटण कोण बघणार? म्हणून मी परत निघायच्या आठवड्यात दादाने एक नवा खेळ सुरू केला. रेषेवर आला की बटण दाबायचं, पण बघायचं नाही. आधी मला अंदाज ओरडून सांगायचा, मग मनगट वळवायचं. सुरुवातीला तो ‘ऐंशी!’ म्हणायचा आणि निघायचे चौऱ्याहत्तर.

गेल्या रविवारी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ७७, ७८, ७८, ७६. बेरीज तुम्ही करा. प्रत्येक आकड्याच्या शेजारी पेन्सिलने त्याचा अंदाज लिहिलाय, ७८, ७८, ७९, ८०. शेवटचा चार सेकंदांनी चुकलाय. खाली मावशीच्या अक्षरात लिहिलंय, ‘काका आज नव्हते.’